टेम्पो बंद

आमचे साहेब एकच पान वाचायचे. दुसरं पान हातात आलं की ते पालथं करून टेबलावर ठेवायचे आणि त्याच्यावर चहाचा कप. मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर विक्रीचा अहवाल ठेवला तेव्हा त्याची चांगली जाडजूड चळत होती. वरचं पान त्यांनी वाचलं, बाकीच्यांवर चहाचा गोल उमटला. मी आठवडाभर राबून केलेलं होतं ते सगळं. मला इतका राग आला की कप उचलून खिडकीबाहेर फेकावासा वाटला.

"मॅडम," ते म्हणाले, "एका पानावर बसत नाही ते मला कळत नाही असं समजा. एक पान. दर सोमवारी नऊ वाजता माझ्या टेबलावर."

पुण्याच्या रस्त्यावर एक एमआयडीसी आहे, तिथे एका पशुखाद्य कंपनीच्या डेपोत मी बॅक ऑफिसला होते. पत्र्याच्या गोडाऊनच्या पोटात प्लायवूडचं पार्टिशन टाकून केलेली खोली म्हणजे आमचं बॅक ऑफिस. तिला खिडकी एकच, आणि तीही गोडाऊनमध्ये उघडणारी. दिवसभर समोर पेंडीच्या गोण्यांची थप्पी आणि नाकात सरकीचा वास. घरी गेल्यावर आई मला आधी आंघोळीला पिटाळायची, मग बोलायची. नोकरी सोडायचे विचार रोज यायचे. पण नगरहून अर्ध्या तासावर, संध्याकाळी घरी पोचवणारी, वेळेवर पगार देणारी दुसरी जागा काही समोर वाट बघत उभी नव्हती.

तर ते एक पान. सांगायला सोपं होतं, करायला घेतलं तेव्हा घाम फुटला. आधीचा सगळा हिशोब व्हॉट्सअॅपवर चालायचा. प्रत्येक लाइनचा, म्हणजे माल पोचवायच्या रस्त्याचा, सेल्समन संध्याकाळी ग्रुपवर मेसेज टाकायचा, कुठल्या डीलरला किती गोण्या गेल्या ते. गाडी गेली नसेल तर का गेली नाही ते. कुणी मराठीत लिहायचा, कुणी इंग्रजी अक्षरात मराठी, आणि एक जण तर नुसता अंगठा पाठवायचा. हे सगळं मी एका शीटमध्ये उतरवायला घेतलं. एका ओळीत एकच व्यवहार: तारीख, लाइन, डीलर, माल, गोण्या, आणि गाडी चुकली असेल तर कारण. तुलना करायची तर मागचं वर्षही हवं, म्हणून मागच्या वर्षाचे मेसेजही वर सरकवत सरकवत भरले. माझा अंगठा दुखायला लागला होता.

खालचं शीट भरलं की वरचं पान आपोआप भरेल असं मी केलं. पानाच्या डोक्यावर एक खाना, त्यात आठवड्याच्या सोमवारची तारीख टाकायची. बाकी सगळं त्या एका तारखेवर लटकलेलं. त्या सोमवारपासून रविवारपर्यंतच्या तारखा आणि ती ती लाइन जुळवून सूत्र गोण्यांची बेरीज करायचं. शेजारी मागचा आठवडा, त्याच्या शेजारी टार्गेट. मागच्या आठवड्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त खाली गेलं की खाना लाल, तेवढंच वर गेलं की हिरवा, मधलं पांढरं. मध्ये प्रत्येक लाइनची तेरा आठवड्यांची एक रेघ, चढ-उतार दिसायला. आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक छोटी चौकट: वर्षभरात कुठल्या लाइनवर किती फेऱ्या चुकल्या, आणि कशामुळे.

ती चौकट साहेबांनी मागून घेतली होती. "आकडा खाली का गेला ते त्याच पानावर दिसलं पाहिजे," ते म्हणाले, आणि ते बरोबरच होतं. मी कारणांची यादी काढली तर ती पानभर झाली. साहेबांनी पेन उघडलं. "चार कारणं. पाचवं बसणार नाही." त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून दिली: मागणी नाही, साठा नाही, वाहन नादुरुस्त, इतर. आणि 'इतर'च्या खाली दोन रेघा मारून म्हणाले, "हा मला कायम शून्य दिसला पाहिजे. इतर म्हणजे कुणालाच माहीत नाही, आणि कुणालाच माहीत नाही म्हणजे कुणी काम करत नाही."

मी खान्याला चार पर्यायांची यादी लावली. त्या चारांपैकी एक निवडायचा, दुसरं काही टाइप केलं की शीट नकार देणार. आणि मग मागच्या वर्षाचे मेसेज त्या चारांत बसवत गेले. 'डीलरकडं माल पडून हाय' हे मागणी नाही. 'गोळी पेंड संपली' हे साठा नाही. पाथर्डी-शेवगावच्या लाइनवर एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता: टेम्पो बंद. कुठे 'टेंपो बंद', कुठे 'आज टेम्पो बंद साहेब'. मी साहेबांना विचारलं, हे कशात टाकू? त्यांनी मान वर न करता सांगितलं, "बंद म्हणजे नादुरुस्त. अजून काय?" मी फाइंड अँड रिप्लेस केलं. एका झटक्यात सगळे बंद टेम्पो नादुरुस्त झाले.

पूर्वेकडच्या ह्या पाथर्डी-शेवगाव लाइनला एकच टेम्पो होता, रविवार सोडून रोज जाणारा, कंपनीचा नव्हे, करारावरचा. मालक आणि ड्रायव्हर एकच. पाथर्डीच्या अलीकडच्या एका गावचा माणूस, पस्तिशीचा, बोलायला शांत. सकाळी सहाला गोडाऊनमध्ये हजर. गोडाऊनचे मामा, म्हणजे आमचे गोडाऊन कीपर, गोण्या मोजून द्यायचे आणि हा स्वतः हात लावून भरून घ्यायचा. त्याचे आई-वडील अजूनही ऊसतोडीला जात होते, लहानपणी तोही त्यांच्याबरोबर जायचा. एकदा चहा पिताना म्हणाला होता, "ताई, मी तिसरीत तीन शाळा बघितल्या आन् तिन्हीत नापास. माझ्या पोरींनी एकच शाळा बघायची." टेम्पो रोज जाऊन रोज परत यायचा, म्हणून तो रात्री घरी असायचा आणि पोरी गावच्या शाळेत. त्याचं सगळं त्या फेरीवर उभं होतं, आणि हे डेपोत सगळ्यांना माहीत होतं.

पान झकास झालं, हे मीच म्हणते. दोनच महिन्यांत साहेब ते पान घेऊन पुण्याला मीटिंगला गेले आणि खूश होऊन आले. वरच्यांना आवडलं, दर सोमवारी आम्हालाही पाठवा म्हणाले. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून ते पान माझ्या गळ्यात पडलं. शनिवारी सेल्समन उशिरा मेसेज टाकायचे, त्यामुळे शनिवारची संध्याकाळ गेली. एखाद्याने गोण्यांच्या खान्यात आकड्याऐवजी '४० गोणी' असं अक्षरात लिहिलं की बेरीज ते गुपचूप गाळायची आणि मी रविवारी घरात बसून चूक शोधायची. मावशीच्या मुलीचं लग्न सोमवारचं होतं. सुट्टी मागितली तर साहेब म्हणाले, "मग पान कोण काढणार?" मी लग्नाला हळदीपुरती गेले आणि सोमवारी नऊ वाजता पान टेबलावर ठेवलं. नवरीचे फोटो मी त्याच प्लायवूडच्या खोलीत मोबाईलवर बघितले आणि मला रडू आलं.

भाद्रपद लागला होता. एका सोमवारी साहेबांनी मला आत बोलावलं. पान समोर होतं आणि खालच्या कोपऱ्यातल्या चौकटीला लाल पेनाने गोल केलेला होता. पूर्व लाइन, चुकलेल्या फेऱ्या, सर्वांत मोठं कारण: वाहन नादुरुस्त. दुसऱ्या कुठल्याच लाइनवर त्याच्या निम्म्यानेही आकडा नव्हता.

"हा टेम्पो काढा," साहेब म्हणाले. "करार संपतोच आहे. नवीन ट्रान्सपोर्टर मी बघितलाय."

"सर, तो टेम्पो चांगला चालतो," मी म्हणाले. माझ्या तोंडून आपसूक निघालं.

"तुमचंच पान सांगतंय. आणि मी स्वतः बघितलंय. गेल्या महिन्यात गेटजवळ उभा होता, बॉनेट उघडं, हा आत डोकं घालून." त्यांच्या केबिनची खिडकी गेटकडे होती. त्यांना दिसायचं ते तेवढंच, गेट आणि पान.

मी बाहेर आले आणि पूर्वेकडच्या सेल्समनला फोन लावला. हा माणूस त्या भागातला जुना, डीलरच्या घरच्या लग्नात पंगत वाढणारा. मी म्हटलं, टेम्पो एवढ्या वेळा बिघडतो आणि तुम्ही मला कधी बोलला नाहीत?

"बिघडतोय कुठं?" तो म्हणाला.

"मग टेम्पो बंद टेम्पो बंद काय लिहिता वर्षभर?"

तो हळूच म्हणाला, "मॅडम, ती आमावस्या असती."

मला आधी कळेचना. मग त्याने सांगितलं. पूर्वेकडचे डीलर अमावस्येला नवा माल दुकानात घेत नाहीत. गोणी उतरवायला हमालही येत नाही. पहिल्यापासून आहे, सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी तो सरळ मेसेज टाकायचा, आज अमावस्या, माल नाही. मग वरून कुणीतरी मेल टाकली होती, की अमावस्या हे काय विक्री न होण्याचं कारण आहे का, आपण कुठल्या शतकात आहोत. ती मेल सगळ्यांसमोर मीटिंगमध्ये वाचली गेली, लोक हसले, ह्याचं तोंड एवढंसं झालं. त्यानंतर ह्याने अमावस्या हा शब्द लिहायचाच सोडला. "त्या दिवशी टेम्पो बंदच असतो की. खोटं कुठं लिवलं मी? बाजार बंद असतो तसा बंद. नादुरुस्त तुमी केला."

हे शेवटचं वाक्य माझ्या मस्तकात गेलं, कारण ते खरं होतं आणि तरीही तो सहीसलामत सुटत होता. मी म्हटलं, मग साहेबांना येऊन सांगा हे. त्याने लगेच कानावर हात ठेवले. "मॅडम, आमचं नाव घिऊ नका. एकदा हसं झालंय. आता वर्षभर दुसरंच लिवत हुतो म्हणलं तर मेमो हातात दितील." आणि फोन ठेवला.

राहुरी-श्रीरामपूरकडे असं का होत नाही, ते मग माझं मीच जुळवलं. तिकडे कंपनीचा ट्रक आठवड्यातून दोनदाच जातो, अमावस्या आली तर कुणीतरी दिवस पुढे सरकवतं, पानावर कळतही नाही. पूर्वेचा टेम्पो रोजचा, रोज भरलेला. एक दिवस गेला की आठवड्याच्या सहा फेऱ्यांतली एक गेली, म्हणजे माझ्या दहा टक्क्यांच्या पुढे, खाना लाल. तिथी दोन दिवसांवर पसरली आणि अर्ध्या डीलरांनी एक दिवस पाळला, अर्ध्यांनी दुसरा, तर दोन्ही फेऱ्या गेल्या. पुढच्या आठवड्यात परत सहा फेऱ्या, खाना हिरवा. मी दर महिन्याला हे लाल-हिरवं बघत होते आणि मला कधी सुचलं नाही. घरात स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर आहे, आई त्यात बघून अमावस्येला दारावर लिंबू-मिरची बदलते, आणि मी ऑफिसात बसून विचार करत होते की पूर्वेला दर महिन्याला होतं तरी काय.

त्या संध्याकाळी टेम्पोवाला परत आला तेव्हा मी त्याला गोडाऊनच्या दारात गाठलं. बातमी त्याच्यापर्यंत आधीच पोचली होती. डेपोत भिंती प्लायवूडच्याच.

"ताई, कागदावर काय लिवलंय माझ्याबद्दल?"

मी सांगितलं. वाहन नादुरुस्त.

"माझा टेम्पो रस्त्यात उभा ऱ्हायला का कधी? मामांना इचारा." मामा गोण्यांवर बसले होते, त्यांनी मान हलवली. "एकदा पंक्चर झाल्तं तिसगावच्या पुढं, तवा बी माल पोचवूनच आल्तो."

"मग ते बॉनेट उघडं ठेवून काय करत होतास गेटवर?"

"आमावस्या हुती ना. त्या दिशी फेरी नसती. धुवायला पानी हितं मिळतं म्हनून येतो. ऑइल बघतो, धुतो, नवीन लिंबू-मिरची बांधतो. दर आमावस्येला करतो. म्हनून तर बंद पडत न्हाई." तो ताडपत्रीची दोरी सोडायला लागला. "करार गेला तर मला दसऱ्यानंतर कारखान्यावर ट्रॅक्टर चालवायला जावं लागंल, ताई. मंडळी आन् पोरी बी संगट न्याव्या लागतील. घरी हाय कोन? म्हातारा-म्हातारी तर दरसाल तोडीला."

मी म्हणाले, बघते. दुसरं काय म्हणणार होते. पण घरी जाताना जीपमध्ये मला भीती वाटत होती. हा माणूस माझ्या पानामुळे जाणार होता आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा खाना मी भरला होता.

रात्रभर विचार करून मी ठरवलं की पानाला पानानेच उत्तर द्यायचं. साहेबांना बोललेलं ऐकू येत नव्हतं, छापलेलं येत होतं. दुसऱ्या दिवशी मी कॅलेंडरातून वर्षभराच्या अमावस्यांच्या तारखा काढून एका वेगळ्या शीटमध्ये टाकल्या. आठवड्याचा सोमवार ते रविवार यांच्यामध्ये त्यातली एखादी तारीख पडते का ते सूत्राने मोजायला लावलं, आणि पडत असेल तर पूर्व लाइनच्या तेरा आठवड्यांच्या रेघेखाली त्या आठवड्याला एक काळा ठिपका. एवढंच. पानावर जागा नव्हती, म्हणून कंपनीचा लोगो लहान केला आणि समास चिमटले. प्रिंट काढून बघितलं. रेघ जिथे जिथे खाली बसली होती तिथे तिथे ठिपका. एकही ठिपका चुकला नव्हता. मग मी खालच्या शीटमध्ये नादुरुस्तच्या तारखा एकेक करून पंचांगाशी लावून बघितल्या. सगळ्या अमावस्येच्या किंवा तिला लागून असलेल्या. मला खरंच आनंद झाला. वाटलं, सुटलो. तोही आणि मीही.

साहेबांनी पान हातात घेतलं. ठिपके बघितले. "हे काय?"

मी सांगितलं. ते हसतील असं मला वाटलं होतं, ते हसले नाहीत. त्यांनी बोटाने ठिपके मोजले, कॅलेंडरकडे बघितलं, परत पानाकडे बघितलं. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगते, त्यांना माझ्याहून लवकर कळलं. ते खुर्चीत मागे रेलले आणि गेटकडे बघू लागले.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "पण हे पान माझ्यापुरतं नाही आता, वर जातं. वरचे पहिला प्रश्न विचारतील, इतके महिने वाहन नादुरुस्त कसं लिहून येत होतं? कुणी लिहिलं? कुणी सही केली? सही माझी आहे मॅडम. लिहिलं तुम्ही आहे."

"मग आता दुरुस्त करू ना सर. सूत्र बदलायला पाच मिनिटं लागतात."

"मी कालच मेल टाकलीय की पूर्व लाइनची अडचण शोधली, वाहन बदलतोय. त्यांचं उत्तर आलंय, शाब्बास म्हणून." त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. खरंच आलं होतं. "आता मी काय लिहू? अडचण वाहनाची नव्हती, अमावस्येची होती?"

मी म्हणाले, तसंच लिहा. त्यांनी स्क्रीन परत आपल्याकडे वळवली. मग मी शेवटचं बोलले, जे बोलायला नको होतं. "पानावर नको तर नको. मी दुसऱ्या पानावर सविस्तर मांडते, सगळ्या तारखांसकट."

"दुसरं पान मी वाचत नाही," साहेब म्हणाले. ते रागाने म्हणाले नाहीत, उलट थोडं कसंनुसं होऊन म्हणाले. "आणि माझ्या वरचेही वाचत नाहीत. ठिपके काढून टाका."

मी ठिपके काढले. अमावस्यांचं शीट पुसलं नाही, नुसतं लपवलं, एवढाच माझा दम. लोगो परत मोठा केला. साहेबांना शिव्या घालाव्यात तर त्यांचाही गळा त्याच पानात अडकलेला, सेल्समनला घालाव्यात तर त्याचं एकदा हसं झालेलं, आणि मला स्वतःला घालून तरी काय होणार होतं. राजीनामा लिहायला घेतला आणि 'माननीय' शब्दापाशी थांबले. मी गेले असते तरी पान कुणीतरी काढलंच असतं, त्याच चार कारणांचं.

टेम्पोवाल्याला मीच सांगितलं, साहेबांनी ते कामही माझ्यावर ढकललं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "म्हंजी त्यांना कळलं तरी बी?" मी हो म्हणाले. "मंग कळून काय उपेग झाला?" असं म्हणून त्याने गोण्या झाकायची ताडपत्री घडी घालून मामांकडे दिली, कारण ती कंपनीची होती. दसऱ्यानंतर तो गेला. मामांकडून कळलं, संगमनेरकडच्या कुठल्या कारखान्यावर आहे, पोरींचे दाखले शाळेतून काढून नेले.

पण ती नंतरची गोष्ट. त्याआधी नवीन टेम्पो आला. ट्रान्सपोर्टरने पांढरी कोरी गाडी पाठवली, अजून सीटवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं. जुना करार संपून नवा ज्या दिवशी सुरू व्हायचा होता त्याच्या आदल्या दिवशी साहेब स्वतः माझ्या खोलीत आले. ते कधी येत नसत. दारातच उभं राहून म्हणाले, "मॅडम, नवीन टेम्पो उद्या काढायचा नाही. ट्रान्सपोर्टरला फोन करून सांगा, परवा काढ. परवा घट बसतायत, चांगला दिवस आहे."

"उद्या का नको सर?"

"उद्या सर्वपित्री आहे," ते म्हणाले. "नवीन गाडी अमावस्येला कुणी काढतं का?"

ते हे इतक्या सहज म्हणाले की मला वाटतं त्यांचं त्यांनाही ऐकू आलं नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग हळूहळू त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग उद्याच्या फेरीच्या खान्यात काय टाकू?" मी विचारलं. मला त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. "चारच कारणं आहेत सर."

ते थोडे घुटमळले. "वाहन नादुरुस्त नको. वाहन नवीन आहे, वर काय म्हणतील." खिडकीतून पलीकडे बघितलं. पूर्व लाइनच्या गोण्या पत्र्याला टेकेपर्यंत रचलेल्या होत्या आणि मामा त्यांच्या पायथ्याशी खुर्ची टाकून डबा खात होते. "साठा नाही टाका," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी खान्यावर क्लिक केलं, यादी उघडली आणि 'साठा नाही' निवडलं. वरच्या पानावर कोपऱ्यातल्या चौकटीत पूर्व लाइनपुढे 'साठा नाही'चा आकडा एकाने वाढला. साठ्याला जबाबदार माणूस डेपोत एकच होता.

मी उठून गोडाऊनमध्ये गेले. मामा कुलूप लावायच्या तयारीत होते, त्यांच्या निवृत्तीला थोडकी वर्षं राहिली होती.

"मामा, आजपासून एक करा," मी म्हणाले. "दर अमावस्येला संध्याकाळी ह्या थप्पीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवत जा. तारीख दिसली पाहिजे."

"का गं? काय झालं?"

"काही नाही. तुम्ही काढून ठेवा."

मामांनी थप्पीकडे बघितलं, मग कुलूप हातातच धरून विचारलं, "आन् दाखवायचा कुणाला?"

मी परत खोलीकडे वळले. शनिवार जवळ आला होता आणि पान काढायचं होतं.